वीस, चार, तीन

चाचणीचे पेपर परत मिळाले तेव्हा चौथ्या प्रश्नासमोर सगळ्यांच्याच कागदावर लाल शून्य होतं. खाली सरांनी एकच ओळ लिहिली होती : "मांडणी अपूर्ण, उत्तर शक्य नाही." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पेपर घडी करून सरांच्या टेबलावर परत ठेवून दिले. धोटेसरांशी वाद घालायची कोणाला सवय नव्हती.

विनायक धोटे पांढुर्ण्याच्या कॉलेजात गणित शिकवत. सत्त्याऐंशी साली त्यांनी स्टेशन रोडवरच्या एका कापड दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा वर्ग सुरू केला. कॉम्प्युटर एकच होता, टीव्हीला जोडायचा, आणि वीज असेल तेव्हाच चालायचा. त्यामुळे सर बहुतेक सगळं फळ्यावरच शिकवत. त्यांची बायको अलका स्वतः गणिताची पदवीधर. सर समजावून सांगत आणि ती मुलांकडून सराव करून घेई. दोघांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी कॉलेज सुटलं की दोघं सोबत स्कूटरवर माडीवर येत आणि कुलूप लावून सोबतच घरी जात. गावातल्या लोकांना त्या दोघांना वेगवेगळं पाहायची सवय नव्हती.

वर्षाच्या शेवटी, उन्हाळ्यात, नागपूरला डिप्लोमाची परीक्षा असे. तिथं कोणाची नावं पाठवायची ते सर या चाचणीवरून ठरवत. चौथा प्रश्न नागपूरच्या जुन्या पेपरातून घेतलेला आणि सगळ्यात जास्त गुणांचा होता. त्याचे गुण गेले तर पुष्पा सोमकुवरचं नाव परीक्षेला जात नव्हतं.

पुष्पा सौंसरहून बसनं येई. तिचे वडील श्रावण सोमकुवर तिथल्या तहसील कचेरीत शिपाई होते. मुलगी रोज पांढुर्ण्याला एकटी जाते-येते म्हणून नातेवाइकांत कुजबुज होती, पण श्रावणनं ती मनावर घेतली नव्हती. पुष्पा वर्गात फार बोलत नसे. गणित मात्र दोनदा तपासल्याशिवाय वही मिटत नसे. त्या संध्याकाळी बाकीची मुलं जिना उतरून गेली तरी ती बाकावर बसून राहिली. खिडकीजवळ अलका टीव्हीच्या वायरी गुंडाळत होती.

"सर, चौथ्या प्रश्नाचं विचारायचं होतं," पुष्पा म्हणाली. "माहं उत्तर अकरा आलं. मी घरी पुन्हा करून पाहिलं, तरी अकराच येते."

सर चिडले नाहीत. शंका घेऊन आलेला विद्यार्थी त्यांना आवडायचा. त्यांनी तिला गणित फळ्यावर लिहायला सांगितलं. पुष्पानं खडू घेतला आणि फळ्याच्या डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत, मोठ्या अक्षरात, जागा सोडून सोडून लिहिलं :

२०   ४   ३   +   २   ×   −   ५   +

अशा मांडणीला पोस्टफिक्स म्हणतात. आपण नेहमी 'चार अधिक तीन' लिहितो, चिन्ह मधे ठेवतो. इथं आधी आकडे येतात आणि चिन्ह मागून येतं, त्यामुळे कंसाची गरज उरत नाही. मशीनला असं गणित सोडवायला स्टॅक, म्हणजे थप्पी, लागतो. हा स्टॅक सरांनी पहिल्याच आठवड्यात संत्र्याच्या पेट्यांवरून समजावला होता. ट्रकमध्ये पेटीवर पेटी चढवतात, आणि शेवटी चढवलेली आधी उतरते. खालची पेटी हवी असली तर वरची काढावीच लागते.

"आता इकडं पाय," सर म्हणाले. "आकडा आला की थप्पीवर ठेवायचा. चिन्ह आलं की वरचे दोन काढायचे, हिशोब करायचा, न् आलेला आकडा पुन्हा ठेवायचा. काढताना जो आधी निघाला तो उजवीकडचा, जो मागून निघाला तो डावीकडचा. वजाबाकीत हे उलटं झालं तं सगळं गेलं. बरोबर?"

"हो सर."

सर फळ्यासमोर उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच स्वच्छ होता. "चार ठेवला. तीन ठेवला. अधिक आलं. तीन काढला, चार काढला, सात झाले, सात ठेवले. दोन ठेवला. गुणिले आलं. दोन काढला, सात काढले, चौदा. चौदा ठेवले. आता आलं वजा." ते थांबले आणि पुष्पाकडे वळले. "वजाले दोन आकडे पायजेत. थप्पीवर आहे एक. चौदा. चौदा कशातून वजा करू? म्हणून म्हणतो, मांडणी अपूर्ण आहे. एक आकडा कमी पडून राहिला."

पुष्पा गोंधळली. तिनं फळ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "चौदाच्या खाली वीस आहे ना सर."

"कोणते वीस?"

ती फळ्याच्या डाव्या टोकाशी गेली आणि तिनं बोट ठेवलं. सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मान वळवली, आणखी थोडी वळवली, आणि तिच्या बोटाखालचा आकडा त्यांना दिसला. बराच वेळ ते त्या आकड्याकडे पाहत राहिले.

"हे तू आत्ता लिहिलं," ते म्हणाले.

पुष्पाच्या हातातला खडू खाली आला. अलकानं वायर बाजूला ठेवली. पुष्पानं गणित लिहिलं तेव्हा ती पाहतच होती. पोरीनं सगळ्यात आधी लिहिलं होतं ते वीसच. पोरगी खोटं बोलत नव्हती. आणि इतक्या वर्षांच्या संसारात अलकाला एवढं नक्की माहीत होतं की हा माणूसही खोटं बोलत नाही.

तिनं वेळ मारून नेली. बस चुकेल, उद्या-परवा पाहू, असं म्हणत ती पुष्पाला जिन्यापर्यंत घेऊन गेली. दोन पायऱ्या उतरून पुष्पा थांबली.

"मॅडम, मी ते मागून नाही लिहलं."

"मले माहीत आहे," अलका म्हणाली. "तू घरी जाय. सर पुन्हा तपासतील."

ती परत आली तेव्हा सर फळा पुसत होते. उजवा भाग त्यांनी पुसून स्वच्छ केला, डस्टर जागेवर ठेवला आणि स्कूटरची किल्ली शोधू लागले. फळ्याच्या डाव्या टोकाला वीस आणि चार तसेच राहिले होते. अलकानं पदरानंच ते आकडे पुसून टाकले.

रात्री जेवताना तिचं लक्ष त्यांच्या ताटाकडे गेलं. उजव्या बाजूचं वरण-भात, लोणचं संपलं होतं. डाव्या बाजूची वांग्याची भाजी वाढली तशीच होती. "भाजी आवडली नाही का?" तिनं विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "वाढलीच कुठं तू?" हे याआधीही झालं होतं. तेव्हा ती हसली होती आणि तिनं ताट फिरवून भाजी समोर आणली होती. मग एकेक गोष्ट तिला आठवू लागली. दिवाळीनंतर डावा खांदा दोन वेळा दाराच्या चौकटीला लागला होता. पानठेल्याच्या लाकडी फळीला स्कूटर घासली तीही डाव्याच बाजूनं, आणि ठेलेवाल्याशी ते भांडले होते की फळी रस्त्यावर पुढं कायले काढली. सकाळी डोकं दुखतं म्हणत. अलकानं ते खडूच्या धुळीवर, उन्हावर आणि जुन्या चष्म्यावर ढकललं होतं. चष्मा बदलून आणला तरी डोकं दुखतच होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची उन्हं अंगणात आली तेव्हा सर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. अलका एक कोरा कागद आणि पेन घेऊन त्यांच्या शेजारी बसली. तिनं कालचंच गणित कागदावर लिहिलं, पण आडवं नाही. एकाखाली एक. वीस, त्याखाली चार, त्याखाली तीन, मग अधिक, असं करत शेवटच्या अधिकपर्यंत.

"हे करून दाखवा जरा," ती म्हणाली.

"सकाळी सकाळी परीक्षा घेऊन राहिली माही?" ते हसले आणि वरून खाली वाचू लागले. "वीस ठेवले. चार ठेवला. तीन ठेवला. अधिक, तीन न् चार, सात. थप्पीवर वीस, सात. दोन ठेवला. गुणिले, चौदा. थप्पीवर वीस, चौदा. वजा. चौदा आधी निघाले, ते उजवे. वीस मागून, ते डावे. वीस वजा चौदा, सहा. पाच ठेवला. अधिक, अकरा. थप्पीवर एकच उरला, म्हणजे मांडणी बरोबर. अकरा."

"अकरा," अलका म्हणाली.

मग तिनं पुष्पाची उत्तरपत्रिका त्यांच्यापुढं ठेवली. प्रश्नाची ओळ पानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत लिहिलेली होती. "आता हे करा."

त्यांनी वाचलं. "चार, तीन, अधिक…" आणि थांबले. आता त्यांचा आवाज हळू झाला होता. "हे तं कालचं आहे. याच्यात एक आकडा कमी आहे."

"मोजा. आकडे किती न् चिन्हं किती."

त्यांनी बोटानं मोजलं. दोन-दोन आकड्यांवर चालणारी चिन्हं असली की आकडे चिन्हांपेक्षा एकानं जास्त पाहिजेत, हे त्यांनीच मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. "चार आकडे. चार चिन्हं."

अलकानं त्यांचा हात धरला आणि बोट हळूहळू डावीकडं नेलं. पानाच्या काठापर्यंत. त्यांची मान त्या बोटामागं वळत गेली. बोट वीसवर आलं तसे ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मान सरळ केली आणि पानाकडे पाहिलं. मग पुन्हा मुद्दाम डावीकडं वळवली. असं त्यांनी किती वेळा केलं ते अलकानं मोजलं नाही. शेजारच्या अंगणात कोणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज होता.

"पोरीनं नव्हतं लिहलं मागून," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"इथंच होतं. मलेच दिसलं नाही." ते पानाकडेच पाहत होते. "अलका, नाही दिसत तं कळाले पायजे ना, का इथं काही दिसून नाही राहिलं म्हणून? अंधारात कळते आपल्याले की अंधार आहे. हे तं कळतच नाही. मले वाटते पान इथूनच सुरू होते."

अलकाला रडू आवरेना. तिनं तोंड फिरवलं आणि उठून आत गेली. चहाचं आधण ठेवलं, साखर टाकली, आणि पुन्हा विसरून साखर टाकली. बाहेर आली तेव्हा त्यांनी पेपरांचा सगळा गठ्ठा मांडीवर घेतला होता. लाल पेन्सिलीनं ते प्रत्येक पानाच्या डाव्या काठाला वरून खाली जाड रेघ मारत होते.

"रेघ दिसेपर्यंत मान वळवायची," ते म्हणाले. "तिथून वाचाले लागायचं."

दुपारपर्यंत त्यांनी सगळे पेपर पुन्हा तपासले. मध्येच रेघ सुटली की अलका म्हणायची, "आणखी डावीकडं," आणि ते मान वळवायचे. पुष्पाचं उत्तर पूर्ण बरोबर होतं. प्रत्येक पायरीला थप्पीवर काय आहे ते तिनं नीट लिहिलं होतं. बाकीच्यांपैकी काहींनी वजाबाकीत आकडे उलटे घेतले होते. त्यांचं चौदा वजा वीस झालं होतं आणि उत्तर उणे एक आलं होतं. त्यांचे गुण सरांनी कापले. कापताना समासात कारणही लिहिलं.

सोमवारी संध्याकाळी वर्गात त्यांनी पेपर पुन्हा वाटले. ते उभे राहून म्हणाले की चौथा प्रश्न बरोबर होता, चूक तपासणाऱ्याची होती, त्याला पहिला आकडा दिसला नव्हता. मुलांना वाटलं सर गंमत करून राहिले, दोघं-तिघं हसलेही. पुष्पा हसली नाही. सर तिच्या बाकापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुले मी खोटी म्हटलं. ते मी परत घेतो." पुष्पानं मान खाली घातली. तिला त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्या आठवड्यात दोघं पॅसेंजरनं नागपूरला गेले. अलकाचा भाऊ वसंत तिथं राहत होता. त्यानं आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांसमोर बोट हलवून पाहिलं आणि डोळे चांगले आहेत, दुसरीकडे दाखवा, असं सांगून मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी काळी फिल्म उजेडासमोर धरली आणि बोट ठेवून दाखवलं. मेंदूच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला गाठ होती. उजव्या मेंदूकडं डावी बाजू असते, ते म्हणाले. म्हणून डावीकडचं असून नसल्यासारखं झालं. त्यांनी सरांना विचारलं की तुमच्या ध्यानात पहिल्यांदा कसं आलं. बहुतेक लोक गाडी ठोकून किंवा पडून येतात.

"माझ्या एका विद्यार्थिनीनं पेपर तपासून मागितला," सर म्हणाले.

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी काढता आली नाही. डॉक्टरांनी ते वसंतला व्हरांड्यात सांगितलं. अलका चार पावलं मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं, पण काही ऐकलं नाही असं दाखवलं. त्यानंतर किरणांचा उपचार झाला. डोक्यावरचे केस गेले. घरी आणलं तेव्हा मार्च लागला होता. सौंसरकडून संत्र्याचे ट्रक पुन्हा येऊ लागले होते. सरांचा डावा हात लुळा पडला होता. डाव्या बाजूला कोणी येऊन उभं राहिलं तर त्यांना कळत नसे. म्हणून अलकानं खाट भिंतीला अशी लावली की दार, खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि ती स्वतः, सगळं उजवीकडं राहील.

वर्ग बंद करावा असं वसंत म्हणाला. अलकानं तो बंद केला नाही. डिप्लोमाच्या परीक्षेला मुलांची नावं गेली होती, पुष्पाचंही गेलं होतं. संध्याकाळी शेजारच्या उर्मिलाबाई घरी येऊन बसत, तेवढ्या वेळात अलका माडीवर जाऊन शिकवे. आधी स्कूटरवर मागं बसून जायची, आता पायी जाऊ लागली. पहिल्या दिवशी ती खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. मुलांनी तिच्याकडे न पाहता वह्या उघडल्या आणि ती शिकवू लागली.

परत आल्यावर ती सरांना त्या दिवसाचं गणित तोंडी सांगे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. ती एकेक आकडा, एकेक चिन्ह सांगायची आणि ते डोळे मिटून थप्पी मनात धरायचे. सुरुवातीला अगदी बरोबर सांगत. ती अवघड गणितं काढून देऊ लागली. ते त्यातूनही सुखरूप बाहेर येत. उत्तर सांगून झालं की म्हणत, "तपासून पाय." ती तपासायची आणि बरोबर असल्याचं सांगायची. त्या वेळी त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसे. दिवसातला तेवढाच वेळ तिला बरा वाटे.

उन्हाळा वाढला तशी ते लांब गणितं अर्ध्यावर सोडून देऊ लागले. मग ती लहान द्यायची. मुलांची परीक्षा तोंडावर आली होती. त्या दिवसांत पुष्पा एकदा सौंसरहून संत्री घेऊन आली. ती डाव्या बाजूनं आत आली म्हणून सरांना ती दिसली नाही. ती तिकडंच उभी राहिली. अलकानं तिला हाताला धरून उजवीकडं आणलं.

"पुष्पा आली," अलका म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते सांगता येत नव्हतं. मग ते म्हणाले, "गणित सांग."

पुष्पानं अलकाकडे पाहिलं. अलकानं मान हलवली. पुष्पा खुर्चीवर बसली आणि सावकाश म्हणाली, "पंधरा. सहा. दोन. भागिले. वजा."

सरांचे ओठ हलत होते. "सहा भागिले दोन," ते म्हणाले. "तीन."

"हो सर."

"तीन ठेवले." ते पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला होता. "तीन. वजा पंधरा. उणे बारा."

पुष्पा दचकली. उत्तर बारा होतं. पंधरातून तीन जायचे होते. ज्या चुकीसाठी या माणसानं थंडीत काही मुलांचे गुण कापले होते, तीच ही चूक होती. तिनं वर पाहिलं. अलका खाटेच्या पायाशी उभी होती आणि तिचा चेहरा अगदी स्थिर होता.

"तपासून पाय," सर म्हणाले.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"तपासलं," अलका म्हणाली. "बरोबर आहे."

"तू नाही. हिनं सांगू दे."

पुष्पाचे डोळे भरून आले होते. ज्यांनी तिला खोटी म्हटलं होतं आणि सगळ्या वर्गासमोर ते परत घेतलं होतं, त्यांच्यापुढं ती बसली होती. "बरोबर आहे सर," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. समाधान झालं की दमले, ते दोघींनाही कळलं नाही. पुष्पा बाहेर आली आणि अंगणात जाऊन रडली. अलका तिच्या मागं गेली नाही. तिला खाटेपासून हलवत नव्हतं. त्यानंतर अलकानं त्यांना गणित सांगितलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

सर पाऊस लागल्यावर गेले. सकाळची वेळ होती आणि उर्मिलाबाई नुकत्याच चहा ठेवून गेल्या होत्या. कॉलेजातले लोक आले, वर्गातली मुलं आली, वसंत नागपूरहून आला. जाम नदीच्या काठावर, सावरगाव पलीकडं दिसतं त्या जागी, सगळं आटोपलं. घरी परतल्यावर अलका सवयीनं खाटेच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. बाया आल्या आणि त्यांनी तिला तिथून उठवलं.

तेराव्याला पुष्पा वडिलांना घेऊन आली होती. ती दाराजवळ बसली, पाणी प्यायली, काही बोलली नाही आणि गेली. अलकाच्या तेवढंच लक्षात राहिलं.

पोळा झाल्यावर अलकाला जेठाकडं, सरांच्या थोरल्या भावाकडं, सौंसरला जावं लागलं. परत येताना ती बस स्टँडवर उभी होती, तेव्हा श्रावण सोमकुवर समोरून आला. त्यानं हात जोडले, तब्येत विचारली. मग म्हणाला की पुष्पा छिंदवाड्याला एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटरवर लागली, जाऊन महिना झाला.

"परीक्षा पास झाली?" अलकानं विचारलं. तिला ठाऊकच नव्हतं. निकालाच्या दिवसांत तिनं कोणतंच पत्र उघडलं नव्हतं.

"पहिल्या वर्गात झाली बाई. तेराव्याच्या आदल्याच दिवशी कळलं."

"मग सांगितलं का नाही तिनं? घरी तं आली होती ती."

श्रावणनं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. "मी म्हटलं होतं बाई, सांग म्हणून. पोरगी म्हणे, बाबा, सर असते तं सांगतलं असतं. सरनं पुन्हा तपासून पाय म्हटलं असतं. मॅडमले काय सांगू, म्हणे. त्याइले आता माह्या पासाचं काय करायचं आहे."

नागपूरची बस लागली आणि लोक धावले. तिची बस नव्हती ती. श्रावण तिच्याजवळ उभा राहिला. पांढुर्ण्याची बस आली तेव्हा त्यानं पुढं होऊन खिडकीतून आपली टोपी आत टाकली आणि तिच्यासाठी जागा धरली. अलका बसली, टोपी त्याला परत दिली.

"तिले पत्र लिहा," ती म्हणाली. "म्हणा, मॅडमनं विचारलं, पेपरात पोस्टफिक्स आलं होतं का म्हणून. आलं असलं तं कसं सोडवलं ते मले लिहून पाठव म्हणा. मी तपासून पाठवीन."

"हो बाई," श्रावण म्हणाला. बस निघाली.